शेवटचा भाव शोधताना

किराणा दुकानाच्या खरेदीवहीत एकच जिन्नस अनेकदा येतो आणि विचारायचे असते ते एवढेच, की मागच्या खेपेला तो कोणत्या भावाने घेतला. एक्सेलमधील `XLOOKUP` हे सूत्र मात्र, वेगळे काही सांगितले नाही तर, वरून खाली शोधत जाते आणि पहिली जुळणी सापडताच थांबते. समजा, `B2` ते `B7` या खणांत तूरडाळ, साखर, तूरडाळ, पोहे, तूरडाळ, साखर अशी नावे आहेत आणि `C` स्तंभात त्यांचे किलोचे भाव अनुक्रमे 142, 43, 148, 52, 151 आणि 44 रुपये आहेत. `E2` मध्ये तूरडाळ लिहिली, तर साधे सूत्र 142 हा सर्वांत जुना भाव देईल. शोध तळापासून सुरू करायचा, तर सूत्र असे लिहावे लागते:

```
=XLOOKUP(E2,B2:B7,C2:C7,"नाव सापडले नाही",0,-1)
```

आता उत्तर 151 येते. चौथ्या जागी, अवतरणचिन्हांत, आपला संदेश आहे. नाव कुठेच नसेल, तर `#N/A` ऐवजी तो दिसतो. पाचव्या जागेवरील 0 म्हणजे तंतोतंत जुळणी आणि सहाव्या जागेवरील -1 म्हणजे खालून वर शोध.

खरी फसगत होते ती या -1 च्या जागेवरून. मधला 0 अनावश्यक समजून त्याच्या स्वल्पविरामासह गाळला, तर -1 पाचव्या जागी सरकतो आणि तिथे त्याचा अर्थ ‘नेमके न सापडल्यास क्रमाने त्याच्या आधीचे घ्या’ असा होतो. मग वहीत नसलेला रवा विचारला, तरी वर्णानुक्रमात त्याच्या लगेच आधी येणाऱ्या पोह्यांचा 52 हा भाव निमूटपणे समोर येतो, संदेश दिसत नाही आणि तूरडाळीचा भाव पुन्हा 142 होतो. म्हणून वहीत नसलेले एखादे नाव मुद्दाम घालून सूत्र तपासावे, असे मी सुचवेन.

संदेशाचे शब्दही जपून निवडावेत. एके ठिकाणी ‘तूरडाळ’ आणि दुसरीकडे ऱ्हस्व ‘तु’ची ‘तुरडाळ’ लिहिली असेल, किंवा नावामागे एक मोकळी जागा राहिली असेल, तर एक्सेलच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे ठरतात. अशा वेळी ‘खरेदी झालेली नाही’ हा संदेश चक्क खोटा ठरेल. उलट नाव सापडले, पण भावाचा खण रिकामा असला, तर संदेशाऐवजी 0 येतो, कारण जुळणी तर झालेली असते. रिकामे भाव ओलांडून वर जायचे असेल, तर नाव जुळणे आणि भाव भरलेला असणे या दोन्ही अटी एकत्र गुणाव्या लागतात:

```
=XLOOKUP(1,(B2:B7=E2)*(C2:C7<>""),C2:C7,"भाव नाही",0,-1)
```

तळाची नोंद म्हणजे सर्वांत अलीकडची तारीख, हे मात्र आपले गृहीत असते. सूत्र तारखा पाहतच नाही. 3 जूनचे राहून गेलेले बिल 21 जूननंतर वहीच्या शेवटी चढवले, तर तोच भाव ‘शेवटचा’ म्हणून समोर येईल आणि वही आधी तारखेनुसार लावून घेईपर्यंत तसाच येत राहील.