२१.१४५८ आणि २१°१४′५८″: आकडे तेच, जागा साडेअकरा किलोमीटर दूर

मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की २१.१४५८, ७९.०८८२ असे दोन आकडे मिळतात. नागपूर शहराचा म्हणून सर्रास दिला जातो तो हाच बिंदू. आता हा बिंदू हातातल्या जीपीएस मशीनमध्ये टाकायचा आहे आणि मशीन फक्त अंश, मिनिटं, सेकंद एवढंच घेतं. पडद्यावर तीन खण रिकामे दिसतात. टिंबाच्या आधी २१, नंतर चार अंक. माणूस सहज २१, १४, ५८ भरतो. मशीन निमूटपणे घेतं आणि बाण दाखवायला लागतं. बाण मात्र दुसऱ्याच गावाकडे असतो.

हे दोन आकडे एकमेकांसारखे दिसतात ते फक्त कागदावर. २१.१४५८ मधलं टिंब दशांशाचं आहे. म्हणजे एका अंशाचे दहा हजार भाग केले तर त्यातले १४५८ भाग. २१°१४′५८″ मध्ये एका अंशाची ६० मिनिटं आणि एका मिनिटाचे ६० सेकंद असा हिशेब आहे. घड्याळातही हेच चालतं. दीड तास म्हणजे १.५ तास आणि १ तास ३० मिनिटं. त्याला १.३० तास म्हणून पगाराच्या शीटमध्ये टाकलं तर मजुराचे बारा मिनिटांचे पैसे बुडतात. अंशांच्या बाबतीत बुडतात ते किलोमीटर.

खरं रूपांतर दोन गुणाकारांचं आहे. पूर्ण अंक २१ तसाच ठेवायचा. उरलेल्या अपूर्णांकाला ६० ने गुणायचं, त्यातला पूर्ण भाग म्हणजे मिनिटं. त्यातून जो अपूर्णांक उरेल त्याला पुन्हा ६० ने गुणायचं, ते सेकंद.

```
21.1458   0.1458 x 60 = 8.748    0.748 x 60 = 44.88   N 21 08 44.9
79.0882   0.0882 x 60 = 5.292    0.292 x 60 = 17.52   E 79 05 17.5
```

म्हणजे मशीनमध्ये जायला हवं होतं २१°०८′४४.९″. गेलं २१°१४′५८″, जे दशांशात लिहिलं तर २१.२४९४ होतं. फरक ०.१०३६ अंशाचा. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश साधारण ११०.७ किलोमीटरचा आहे, म्हणून बिंदू साडेअकरा किलोमीटर उत्तरेला सरकला.

याच जोडीतल्या रेखांशाने खरं तर इशारा दिला होता. ७९.०८८२ चे तुकडे केले तर ७९, ०८, ८२ येतात आणि सेकंदाच्या खणात ८२ बसत नाही. फिल्डवर यानंतर काय होतं ते ठरलेलं आहे. एकजण म्हणतो, “दादा, हे मशीन ब्याऐंशी घेऊन नाही राह्यलं.” दुसरा म्हणतो, “मग एक मिनिट बावीस सेकंद कर ना भाऊ.” आणि ७९°०९′२२″ टाकून मोकळे. हिशेब हुशारीचा आहे, पण मुळात ते ८२ सेकंद नव्हतेच. या दुरुस्तीने बिंदू आणखी सात किलोमीटर पूर्वेला जातो आणि सगळं मिळून साडेतेरा किलोमीटरवर, कामठीच्या बाजूला जाऊन बसतो.

मशीनने खण नाकारला की आकडा वळवून बसवायचा नाही. मूळ आकडा कोणत्या पद्धतीत लिहिला होता ते आधी विचारायचं. मशीनच्या नकारावर भरवसा ठेवूनही चालत नाही, कारण ते दर वेळी अडवत नाही. चार दशांश अंकांपैकी पहिली जोडी ६० च्या आत आणि दुसरीही ६० च्या आत असली की चुकीचा आकडा बिनतक्रार आत जातो. अंक कसेही पडले असं धरलं तर शंभरातले ३६ आकडे असे निसटतात.

या चुकीची एक खूण मात्र पक्की आहे. दशांशाचे अंक मिनिटं-सेकंद म्हणून वाचले की किंमत नेहमी वाढते, कधीच कमी होत नाही. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि ग्रीनिचच्या पूर्वेला आहोत, त्यामुळे चुकलेला बिंदू नेहमी खऱ्या जागेच्या ईशान्येला पडतो. विहिरींची किंवा झाडांची यादी भरली आणि काही बिंदू वायव्येला, काही दक्षिणेला विखुरले, तर कारण दुसरं शोधा. सगळे घसरलेले बिंदू ईशान्येलाच गेले असतील तर टिंब तपासा.

किती घसरतील हे त्या जागेवर अवलंबून असतं. शहरातून बुटीबोरीकडे जाताना २१ अक्षांशाची रेषा ओलांडावी लागते. या रेषेच्या जरा अलीकडे, समजा २१.००१२ वर, एखादा बोअर असेल तर तो २१°००′१२″ म्हणून टाकल्यावर अडीचशे मीटरसुद्धा चुकत नाही. शेतात उभं राहून “जीपीएस थोडं दाखवतंच इकडे तिकडे” म्हणत माणूस पुढे जातो. रेषा ओलांडली की आकडा २०.९ ने सुरू होतो, मिनिटांच्या खणात नव्वदच्या वरचं काही जाऊ शकत नाही आणि मशीन लगेच अडवतं. म्हणजे एकाच रस्त्यावर अलीकडे चूक दिसत नाही आणि पलीकडे चूक करताच येत नाही. मध्यावर, .५९५९ सारख्या आकड्याला, ती ४५ किलोमीटरच्या जवळ पोचते.

नकाशावर ताडून बघितलं तर कळेल, असं वाटतं. इथे नागपूरचं नशीब जरा वाईट आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५५ ओ/४ या टोपोशीटमध्ये शहर येतं आणि ती शीट २१°००′ पासून २१°१५′ पर्यंत, तशीच ७९°००′ पासून ७९°१५′ पर्यंत आहे. आपला चुकीचा बिंदू २१°१४′५८″ वर, म्हणजे वरच्या कडेच्या दोन सेकंद आत. ५०,००० ला १ या प्रमाणावर ते जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतं. बिंदू शीटच्या आतच राहिला, म्हणून शीट क्रमांक जुळवणाऱ्याला शंका येत नाही.

कॅल्क्युलेटर न काढता चूक पकडायची तर दशांशानंतरचा पहिलाच अंक बघावा. एक दशांश अंश म्हणजे ६ मिनिटं. .१ ला ६, .२ ला १२, .५ ला ३०, .९ ला ५४. आपला आकडा .१४ आहे, म्हणजे मिनिटं ६ ते १२ च्या मध्येच असायला हवीत. १४ त्यात बसत नाही, ८ बसतं. रेखांशात .०८ आहे, म्हणजे मिनिटं सहाच्या आत, तिथे ५ बसतं आणि ८ किंवा ९ बसत नाही. पाढा सहाचाच असल्यामुळे शेतावरच्या पोरालाही एका मिनिटात शिकवता येतो. मला तरी याहून भरवशाची तपासणी माहीत नाही.

यादी मोठी असेल तर हाताने करू नये. एक्सेलमध्ये एक सोपी सोय आहे. एक्सेल १ ला एक दिवस समजतं आणि तासांची मिनिटं-सेकंद साठाच्याच हिशेबाने काढतं. म्हणून दशांश अंश A2 मध्ये ठेवून बाजूच्या खणात हे लिहायचं:

```
=TEXT(A2/24,"[h]:mm:ss.0")
```

२१.१४५८ ला उत्तर 21:08:44.9 असं येतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर °′″ चिन्हाचं बटण असतं, आकडा टाकून बरोबर दाबल्यावर ते दाबलं की हेच मिळतं.

मशीन सेकंदाला दशांश घेत नसेल तर पूर्ण सेकंदावर आणावं लागतं आणि तिथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, आकडा नुसता छाटायचा नाही, जवळच्या सेकंदावर न्यायचा. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर आणि नागपूरला रेखांशाचा सुमारे २९ मीटर आहे. जवळच्या सेकंदावर नेलं तर प्रत्येक दिशेत फार तर १५ मीटर जातात, छाटलं तर तीसपर्यंत जाऊ शकतात. दोन, ६० झाले की हातचा द्यायचा. झिरो माइलजवळचा २१.१४९९ घ्या. मिनिटं ८.९९४ आणि सेकंद ५९.६४ येतात. ते ६० झाले, म्हणून लिहायचं २१°०९′००″. घाईत कुणी ०८ तसंच ठेवून सेकंद शून्य करतो आणि बिंदू दोन किलोमीटरच्या जरा आत दक्षिणेला सरकतो.

उलट टोकाची हौसही नको. मूळ आकडा चारच दशांशांचा असेल तर त्याची शेवटची पायरीच ०.३६ सेकंदांची, म्हणजे ११ मीटरची आहे. त्यातून ४४.८८ असे शतांश सेकंद लिहिले म्हणून जागा अधिक अचूक होत नाही.

आणि शून्य गाळायचं नाही. काही मशीन अंक एकामागून एक खणात ढकलतात. ०५′१२.४″ च्या ऐवजी ५ पासून सुरुवात केली तर ५१ मिनिटं २४ सेकंद तयार होतात, दोन्ही ६० च्या आत, आणि रेखांशात ऐंशी किलोमीटर गेले. रेखांशाचे अंशही बऱ्याच मशीनवर ०७९ असे तीन अंकी भरावे लागतात.

याच घरातला तिसरा भाऊ या दोघांपेक्षा जास्त फसवतो, म्हणजे अंश आणि दशांश मिनिटं. २१°०८.७४८′ असं लिहिलेलं असतं. बरेच जीपीएस सुरुवातीला याच पद्धतीवर लावलेले येतात, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरून वहीत उतरवलेले आकडे अनेकदा असे असतात. इथे अंशाचं चिन्ह आहे, मिनिटं आहेत, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि टिंबानंतरचे तीन अंक सेकंद समजतो. ७४.८ असेल तर मशीन अडवेल. पण २१°०८.४४८′ असेल तर ०८ मिनिटं ४४.८ सेकंद सहज आत जातात. खरे सेकंद ०.४४८ × ६० म्हणजे २६.९. फरक अठरा सेकंदांचा, साडेपाचशे मीटर, पुन्हा उत्तरेलाच. साडेतेरा किलोमीटरची चूक गाडीत बसल्याबसल्या कळते. अर्ध्या किलोमीटरची चूक त्याच शिवारातल्या शेजारच्या विहिरीवर नेऊन उभी करते, आणि तिथेही एक विहीर असतेच. सहाचा पाढा इथे कामाचा नाही, कारण मिनिटं बरोबरच आहेत. वहीत ०८ नंतर टिंब आहे की एक रेघी ′ चिन्ह, आणि टिंबानंतर तीन अंक आहेत का, एवढंच बघायचं. टिंब असेल तर एकच गुणाकार उरतो, तोही ६० चाच.