5.6 सेकंद आणि त्याआधीचे महिने

कायदा आणि तंत्रज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न वेष बदलून पुन्हा पुन्हा येतो. स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला उडवलं, गाडीत चालक बसलेला होता, तर जबाबदार कोण? बऱ्याच उत्तरपत्रिकांची सुरुवात ठरलेली असते: 'यंत्र ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही...' पुढची दोन पानं यंत्राला व्यक्ती मानावं की नाही यावर खर्ची पडतात. वाचायला मजा येते, पण मार्क कशाला द्यायचे? ते विचारलेलंच नसतं.

हा प्रश्न सोडवायला शिकायचं असेल तर एक खरा अपघात सेकंदासेकंदाने उलगडून पाहावा. 18 मार्च 2018 च्या रात्री दहाच्या सुमारास अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरात, उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. गाडी व्होल्व्होची, तिला चालवणारी प्रणाली उबरची. गाडीवर लक्ष ठेवायला उबरने नेमलेला एक चालक आत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) गाडीतल्या नोंदी काढून तपास केला, म्हणून आत काय घडलं ते आपल्याला कळतं.

धडकेच्या 5.6 सेकंद आधी रडारने त्या बाईला टिपलं होतं. तेव्हा गाडीचा वेग ताशी साधारण 70 किलोमीटर होता. मात्र समोर दिसतंय ते काय आहे, हे प्रणालीला ठरवता येईना. कधी 'वाहन', कधी 'इतर वस्तू', कधी 'सायकल'. झेब्रा क्रॉसिंग सोडून भलतीकडे कुणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यता प्रणालीत धरलेलीच नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, दरवेळी नाव बदललं की त्या वस्तूच्या आधीच्या हालचालीचा माग पुसला जाई. ती सरळ रेषेत रस्ता ओलांडत होती, पण प्रणालीच्या लेखी ती पुन्हा पुन्हा नव्यानेच उगवत होती.

1.2 सेकंद उरले असताना टक्कर होणार हे प्रणालीला कळलं. तरी ब्रेक लागला नाही. रस्त्यावर खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच कचकन थांबू नये म्हणून उबरने एक नियम घालून ठेवला होता: धोका दिसला की एक सेकंद काहीही करायचं नाही. तो सेकंद संपल्यावर पूर्ण ब्रेक लावून टक्कर टळणार असेल तरच जोरात ब्रेक लावायचा. टळणार नसेल तर चालकाला आवाज द्यायचा आणि वेग हळूहळू उतरवायचा. आवाज झाला तेव्हा 0.2 सेकंद उरले होते. चालकाची नजर त्याआधी बराच वेळ खाली, मोबाइलवर चालू असलेल्या कार्यक्रमाकडे होती.

आता कायदा लावू.

निष्काळजीपणाच्या दाव्यात चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: काळजी घेण्याचं कर्तव्य, त्याचा भंग, भंगामुळेच नुकसान झालं हा कारणसंबंध, आणि नुकसान. चालकाच्या बाबतीत पहिल्या दोन्ही सहज जमतात. उत्पादनातल्या दोषाचा दावा करायचा तर रोख रचनेवर असतो. इतर परवडणारी, अधिक सुरक्षित रचना शक्य होती का, आणि ती असती तर फरक पडला असता का?

हा दुसरा भाग विद्यार्थी हमखास गाळतात. थोडं गणित करून पाहू. 1.2 सेकंद उरले तेव्हा ती बाई गाडीपासून अंदाजे 22 मीटरवर होती. त्याच क्षणी पूर्ण ब्रेक लागला असता, म्हणजे वेग दर सेकंदाला 7 मीटर प्रतिसेकंदाने उतरला असता, तरी गाडी पूर्ण थांबली नसती. पण धडकेचा वेग ताशी 63 किलोमीटरऐवजी 25 ते 30 च्या घरात आला असता. (ब्रेक पकडायला लागणारा वेळ मी सोडून दिला आहे.) त्या वेगाच्या धडकेतून माणूस वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे 'टक्कर टळणार नसेल तर जोरात थांबू नको' हा नियमच रचनेतला दोष म्हणून मांडता येतो. कारणसंबंधही तिथेच जुळतो.

पर्यायी रचना तर गाडीत होतीच! व्होल्व्होची स्वतःची आपत्कालीन ब्रेकप्रणाली उबरने संगणकाच्या ताब्यात गाडी असताना बंद ठेवली होती, कारण दोन प्रणाली एकमेकींच्या आड आल्या असत्या. व्होल्व्होने नंतर या प्रसंगाच्या 20 वेगवेगळ्या आवृत्त्या संगणकावर चालवून पाहिल्या. ती ब्रेकप्रणाली चालू असती तर 17 मध्ये टक्कर टळत होती आणि उरलेल्या तिन्हींत वेग ताशी 16 किलोमीटरच्या खाली येत होता. शिवाय आधी अशा गाडीत दोन जण बसत. अपघाताच्या काही महिने आधी उबरने दुसरा माणूस कमी केला.

एक सेकंदाचा नियम, बंद ठेवलेला ब्रेक, कमी केलेला माणूस. यातलं काहीही यंत्राने ठरवलेलं नाही. हे निर्णय माणसांनी, शांतपणे, महिनोन्‌महिने आधी घेतले. म्हणून यंत्र व्यक्ती आहे का या वादाला इथे जागाच नाही.

फौजदारी कायद्याचं घड्याळ मात्र शेवटच्या काही सेकंदांवरच राहिलं. मार्च 2019 मध्ये सरकारी वकिलांनी कळवलं की कंपनीवर फौजदारी जबाबदारी टाकायला आधार नाही. खटला चालकावर झाला आणि 2023 मध्ये चालकाने इतरांचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली तीन वर्षांच्या प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहण्याची. एनटीएसबीनेही संभाव्य कारण म्हणून चालकाचं दुर्लक्षच आधी मांडलं, पण कंपनीची तोकडी सुरक्षाव्यवस्था आणि चालकांवरची ढिली देखरेख ही सहकारणं म्हणून नोंदवली. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. तासन्‌तास काहीच न करता नुसतं पाहत बसायला सांगितलं की माणसाचं लक्ष उडतं, हे विमानांच्या स्वयंचालकामुळे फार आधीपासून माहीत आहे.

दिवाणी बाजूला मृत बाईच्या कुटुंबाशी उबरने काही दिवसांतच तडजोड केली, त्यामुळे दोषाची वाटणी कुठल्याही न्यायालयाने केली नाही. परीक्षेत ती आपण करायची. ॲरिझोनात प्रत्येकाने आपापल्या टक्क्यांपुरतं भरायचं असतं. समजा ज्युरीने कंपनीला 60, चालकाला 30 आणि भलत्या जागी रस्ता ओलांडणाऱ्या बाईला 10 टक्के दोष दिला. मग कुटुंबाला 90 टक्के भरपाई मिळेल. पण चालक हा उबरचा नोकर, आणि नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाला द्यावी लागते. तेव्हा ते 30 टक्केही फिरून उबरकडेच येतात. 'चालक की कंपनी' हा वाद निदान पैशापुरता तरी पोकळ ठरतो.

जाता जाता एक सापळा. अपघातानंतर उबरने एक सेकंदाचा नियम काढून टाकला, वस्तूचं नाव बदललं तरी माग राखायला सुरुवात केली, व्होल्व्होचा ब्रेक चालू ठेवला, दुसरा माणूस परत बसवला. 'म्हणजे कंपनीने चूक मान्यच केली' असं लिहिण्याचा मोह हुशार विद्यार्थ्यालाही होतो. अमेरिकेच्या पुरावा-नियमांतला 407 वा नियम इथे आडवा येतो. नंतर केलेली दुरुस्ती आधीचा निष्काळजीपणा किंवा दोष सिद्ध करायला वापरता येत नाही, नाहीतर दुरुस्ती करायला कुणी धजावणारच नाही. मात्र 'याहून सुरक्षित रचना शक्यच नव्हती' असं कंपनी न्यायालयात म्हणाली, तर तीच दुरुस्ती तिच्यासमोर ठेवता येते.