अठरा जागा दाबून पाहणं का सुटलं

सगळं अंग दुखतं, पण सूज नाही आणि रक्ततपासणी नॉर्मल. निपाणी-खानापूरकडे या त्रासाला सरसकट ‘वात’ म्हणतात. कन्नड बोलणारा शेजारी ‘मैकै नोवु’ म्हणतो. 1904 मध्ये इंग्लंडात त्याला स्नायूंमधल्या तंतुमय भागाची सूज समजून ‘फायब्रोसायटिस’ नाव दिलं गेलं. तशी सूज सापडली नाही, म्हणून 1976 च्या सुमारास ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव पुढे आलं.

खरा घोळ 1990 च्या निकषांनी झाला. अंगावरच्या 18 ठरावीक जागा अंगठ्याने सुमारे 4 किलो जोराने दाबायच्या. 11 जागी दुखलं तर हा आजार. प्रत्येक डॉक्टरचा जोर वेगळा, रुग्णाचं दुखणंही रोज सारखं नाही. पुरुषांना दाबल्यावर कमी दुखतं, त्यामुळे ते गाळले जात. आणि थकवा, झोप यांना गुणच नव्हते!

2010 मध्ये दाबणं सोडून विचारणं आलं. 2016 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. निपाणीची एखादी विडी कामगार बाई घ्या. दोन्ही खांदे, कोपराखालचे दोन्ही हात, मान, पाठ, कंबर आणि दोन्ही मांड्या दुखतात. अंगाच्या ठरवलेल्या 19 भागांपैकी 9 झाले. थकवा 2, झोपून उठूनही ताजंतवानं न वाटणं 3, विसरणं 1, डोकेदुखी 1: लक्षणांचे 12 पैकी 7. किमान 7 भाग आणि 5 गुण, किंवा 4 ते 6 भाग आणि किमान 9 गुण लागतात, दुखणं शरीराच्या पाचपैकी चार विभागांत आणि तीन महिने तरी हवं. तीन महिने दुखत असेल तर ती यात बसते. जुन्या पद्धतीत तिच्या 8 जागा दुखल्या असत्या, तर तिला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं असतं. मात्र सांध्यांवर सूज, ताप किंवा वजन घटणं दिसलं तर आधी दुसरा आजार शोधावा. थायरॉइड तपासावंच. 2006 च्या चिकुनगुन्यानंतर इकडे पुष्कळांचं अंग महिनोन्महिने दुखत राहिलं, तेव्हा साथीचा तापही विचारावा.

झोपेला गुण मिळाले, ते उशिराच म्हणायचं. निरोगी माणसांची गाढ झोप मोडल्यावर त्यांचंही अंग दुखू लागतं, हे 1975 मध्येच दिसलं होतं.

उपचारांत आज सर्वांत भक्कम आधार व्यायामाला आहे, तोही बेताच्या. आमच्याकडे नेहमी होणारी चूक अशी: बरं वाटलं की बाई त्याच दिवशी धुणं, सारवण आणि हजार विड्या उरकते, पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. म्हणून वाईट दिवशीही झेपेल एवढंच चालणं धरावं, समजा 8 मिनिटं. आठवडाभर तेवढंच. चालल्याच्या दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही तर पुढच्या आठवड्यात 1 मिनिट वाढवावं. वाढलं तर मागच्या आकड्यावर यावं.

दुखणं उसळलं त्या दिवशी चालणं निम्मं करावं, बंद करू नये. विड्यांच्या सुपाशी 20 मिनिटं बसलं की उठून दोन फेऱ्या घालाव्यात. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नये, नाहीतर रात्रीची झोप जाते. सकाळी उठायची वेळ मात्र दुखणं उसळलेल्या दिवशीही नेहमीचीच.