रिपोर्ट सुधारला, वन्सं होत्या तशाच

आमच्या घरच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचपासून फॉरवर्ड यायला लागतात. मी सहसा उत्तर देत नाही. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली असली, तरी प्रत्येक चमत्काराला खोडून काढायला बसले तर स्वयंपाकच व्हायचा नाही. त्या दिवशी मात्र फॉरवर्डखाली माझ्या थोरल्या नणंदेने स्वतःच्या रिपोर्टचा फोटो टाकला होता. वर लिहिलं होतं, "माझ्यावर गुण आला. आता गोळी बंद करणार."

फॉरवर्ड साधाच होता. एक कॅप्सूल रोज सकाळी अनशापोटी घ्या, दोन आठवड्यांत थायरॉईड मुळापासून बरा, डॉक्टर हे सांगत नाहीत, वगैरे. सोबत कुणा अनोळखी बाईचे दोन रिपोर्ट. असल्या रिपोर्टचे आकडे बनावट असणार, असं आपण धरून चालतो. पण वन्संचा रिपोर्ट बनावट नव्हता. नेहमीच्याच लॅबमधला होता. आधी त्यांचा टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की वाढणारा आकडा, ७.४ होता आणि डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी वाढवायला सांगितली होती. ती न वाढवता वन्संनी कॅप्सूल सुरू केली. बारा दिवसांनी टीएसएच ०.८.

फोटो मोठा करून मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, टीएसएचच्या खालची ओळ. फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाचा आकडा, वरच्या मर्यादेच्याही थोडा पुढे गेला होता. दुसरी, शेजारी ठेवलेल्या बाटलीचं लेबल. बारीक अक्षरात 'डी-बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम', म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व. मग मी लिहिलं:

"वन्सं, गोळी आज बंद करू नका, चालू आहे तेवढी घेत राहा. रिपोर्ट खोटा नाही, लॅबनेही चूक केलेली नाही. पण त्या कॅप्सूलमधलं बायोटिन तपासणीच्या यंत्राला फसवतं. तुमचा थायरॉईड बदलला नसण्याची शक्यता जास्त आहे. कॅप्सूल चार दिवस बंद ठेवा, पाचव्या दिवशी सकाळी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या आणि देताना कॅप्सूलचं नाव सांगा. बाकीच्यांनी हा मेसेज तूर्त पुढे पाठवू नका. वन्सं, एक विचारू का? थंडी वाजणं, थकवा, बद्धकोष्ठ, यात काही फरक आहे?"

शेवटच्या प्रश्नाला उत्तर लगेच आलं. काही फरक नव्हता.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचं संप्रेरक. थायरॉईड कमी काम करू लागली की पियुषिका टीएसएच वाढवून तिला ढोसते, आणि रक्तात टी-४ पुरेसं झालं की हात आखडता घेते. टी-४, म्हणजे गोळीतलंच थायरॉक्सिन, रक्तात बराच काळ टिकतं, निम्मं व्हायला त्याला साधारण आठवडा लागतो. म्हणून गोळीचा डोस बदलल्यावर डॉक्टर सहा आठवड्यांनी रिपोर्ट काढायला सांगतात. खरी सुधारणा या गतीने होते. बारा दिवसांत ७.४ वरून ०.८ आणि बाई तशीच कुडकुडतेय, म्हणजे संशय घ्यायला हवा.

आता यंत्राकडे येऊ. टीएसएच मोजताना रक्तातल्या प्रत्येक टीएसएच रेणूला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडी पकडतात. एका अँटिबॉडीला प्रकाश देणारं रसायन जोडलेलं असतं, दुसरीला बायोटिन. बायोटिन इथे जीवनसत्त्व म्हणून येत नाही, त्याचा उपयोग कडीसारखा होतो. यंत्रात बारीक चुंबकीय मणी असतात आणि त्यांच्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रथिनाचा थर असतो. तो झाला कडी अडकवायचा आकडा. बायोटिनची कडी या आकड्यात अडकली की सहजासहजी सुटत नाही. निसर्गातल्या अशा पकडींमध्ये ही सर्वांत घट्ट पकडींपैकी एक मानली जाते. याच गुणामुळे कितीतरी तपासण्यांमध्ये ही जोडी वापरली जाते. तर अँटिबॉडी, टीएसएच, अँटिबॉडी असा संच कडीने मण्याला अडकतो, चुंबकाने मणी धरून ठेवतात, बाकीचं सगळं धुऊन टाकतात आणि उरलेला प्रकाश मोजतात. प्रकाश जास्त, तर टीएसएच जास्त.

वन्संच्या रक्तात काय झालं असेल? सकाळी सातला कॅप्सूल, नऊला रक्त. तोंडाने घेतलेलं बायोटिन तास-दोन तासांत रक्तात भरपूर वर चढतं. त्या नमुन्यात मोकळ्या कड्यांचा लोंढा होता. त्या कड्या मण्यांवरच्या आकड्यांमध्ये आधीच जाऊन बसल्या. टीएसएच धरलेले संच तयार झाले, पण त्यांना अडकायला जागा उरली नाही आणि ते धुण्याच्या पाण्याबरोबर गेले. यंत्राला अंधुक प्रकाश दिसला. त्याने प्रामाणिकपणे टीएसएच कमी सांगितला.

फ्री टी-४ चा आकडा मात्र वर का गेला? मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात गमतीचा वाटतो. टी-४ चा रेणू इतका छोटा आहे की त्याला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडी धरू शकत नाहीत. म्हणून तिथे स्पर्धा लावतात. प्रकाश देणारी अँटिबॉडी मोजकीच घालायची. रुग्णाचं टी-४ तिच्यावरच्या जागा अडवणार. ज्या मोकळ्या उरतील त्या, बायोटिनची कडी लावलेलं आणि लॅबनेच घातलेलं टी-४ भरणार. मण्यांवर अडकतो तो फक्त हा दुसरा गट. म्हणजे रुग्णाचं टी-४ जितकं जास्त, तितका प्रकाश कमी. हिशेब नेमका उलटा. आता इथेही मोकळ्या बायोटिनने मण्यांवरचे आकडे अडवले की प्रकाश कमी होतो, आणि यंत्र त्याचा अर्थ 'टी-४ जास्त' असा लावतं.

एकाच कारणाने एक आकडा खाली, दुसरा वर. आणि टीएसएच कमी, टी-४ जास्त ही जोडी शरीरशास्त्राला इतकी चपखल बसते की बघणाऱ्या डॉक्टरलाही शंका येऊ नये. दोन्ही आकडे एकाच दिशेने चुकले असते, तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. ही चूक एक सुसंगत गोष्ट सांगते. २०१६ मध्ये सहा मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. जन्मजात चयापचयाच्या विकारांसाठी त्यांना खूप मोठ्या डोसमध्ये बायोटिन देत होते, आणि त्यांचे रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हज आजाराचे, म्हणजे थायरॉईड फार जोरात चालत असल्याचे येत होते. बायोटिन थांबवल्यावर ते आकडे पूर्ववत झाले.

त्या मुलांचे डोस कॅप्सूलपेक्षा कितीतरी मोठे होते, मग दहा मिलिग्रॅमने एवढं होतं का? माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. लेबलावरचे १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम, गरजेच्या तीनशेपट. २०१७ साली सहा निरोगी माणसांना हाच १० मिलिग्रॅमचा डोस सात दिवस देऊन त्यांचं रक्त वेगवेगळ्या यंत्रांवर तपासलं गेलं. बायोटिनची कडी वापरणाऱ्या २३ तपासण्यांपैकी ९ बिघडल्या, १४ नाही. त्यामुळे "बायोटिन घेतलं की रिपोर्ट चुकतोच" असंही म्हणता येत नाही. काही यंत्रांत ही कडी-आकड्याची जोडी वापरतच नाहीत, काहींत वापरतात पण रक्तातल्या मोकळ्या बायोटिनचा धक्का सोसण्याइतकी सोय असते, आणि अलीकडे काही उत्पादकांनी आपल्या तपासण्या सुधारल्या आहेत. एकच रक्त दोन लॅबमध्ये दिलं आणि दोन अगदी वेगळी उत्तरं आली, तर त्याचं एक कारण हे असू शकतं. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं तेवढ्या, तीस-चाळीस मायक्रोग्रॅम बायोटिनने मात्र आकडे हलत नाहीत.

हे फक्त थायरॉईडपुरतं असतं तर मी ग्रुपवर इतकी घाई केली नसती. हृदयविकाराचा झटका आला की नाही हे पाहायला ट्रोपोनिन मोजतात. ती तपासणीही दोन अँटिबॉडींचा संच करूनच होते, म्हणजे तिथे चूक झाली तर आकडा कमीच येणार. छातीत दुखतंय आणि ट्रोपोनिन ठीक, म्हणून माणूस घरी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यात मोठ्या डोसमध्ये बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचा ट्रोपोनिन चुकीचा कमी आला आणि नंतर तो दगावला, अशी नोंद होती.

लॅबमध्ये आम्हाला शंका आली तर करण्यासारखं बरंच असतं. तोच नमुना बायोटिन न वापरणाऱ्या यंत्रावर लावता येतो. नमुन्यात आधीच स्ट्रेप्टॅव्हिडिनचे मणी घालून मोकळं बायोटिन शोषून घेता येतं आणि मग मोजता येतं. पण शंका येण्यासाठी कुणीतरी सांगायला हवं ना! फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना असतो आणि लोक तिथे गोळ्या लिहितात, कॅप्सूल नाही. "ते काही औषध नाही हो, नैसर्गिक आहे," हे वाक्य मी टेबलापलीकडून किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही.

बायोटिन लघवीवाटे निघून जातं. थायरॉईड तपासणीआधी ते किमान दोन दिवस बंद ठेवावं, असं अमेरिकन थायरॉईड असोसिएशन सांगते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा डोस शंभर-तीनशे मिलिग्रॅमचा असेल, तर दोन दिवस पुरत नाहीत. वन्संना मी चार दिवस सांगितले, कारण मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पहिला दिवस "आजची तेवढी घेते" यात गेला असता.

पाचव्या दिवशी त्यांनी रक्त दिलं. टीएसएच ७.९, फ्री टी-४ खालच्या मर्यादेजवळ. म्हणजे कॅप्सूलच्या आधी होतं तसंच, गोळी न वाढवल्याने कणभर जास्तच. डॉक्टरांनी डोस वाढवला. सहा आठवड्यांनी, कॅप्सूलशिवाय, टीएसएच २.६ आला आणि या वेळी वन्सं स्वतःहून म्हणाल्या की दुपारी डोळे मिटत नाहीत आता. पहिल्या रिपोर्टवर विसंबून गोळी बंद केली असती, तर तो आकडा कॅप्सूल चालू असेपर्यंत छान दिसत राहिला असता आणि आतली खरी कमतरता वाढत गेली असती. आणि कुणी ०.८ आणि चढलेला टी-४ बघून "डोस जास्त होतोय" असं ठरवलं असतं, तरी परिणाम तोच.

ग्रुपवर त्यांनी नंतरचे रिपोर्टही टाकले, न सांगता. माझी मुलगी म्हणाली, आत्याचं कौतुक कर. केलं. मग वन्संचा खासगी मेसेज आला: "केस गळणं मात्र थोडं कमी झालंय गं. ते तरी कॅप्सूलमुळेच ना?"

बायोटिन खरंच कमी पडलं तर केस गळतात, पण तशी कमतरता क्वचित दिसते आणि ज्यांना ती नाही त्यांचे केस बायोटिनने सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. थायरॉईड कमी असला की मात्र केस नक्की गळतात. मी त्यांना उलट विचारलं, "वन्सं, कधीपासून कमी झालंय?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील."

कॅप्सूल बंद करून तेव्हा दोन महिने होत आले होते.