प्रहर म्हणजे तीन तास, पण कोणत्या दिवशी?

'प्रहर दिवस चढे' असं जुन्या पत्रात दिसलं की आपण सरळ सकाळचे नऊ धरतो. सहा ते नऊ पहिला प्रहर, नऊ ते बारा दुसरा, हे कोष्टक आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण ते फक्त सरासरीचं आहे.

मूळ पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे चार भाग दिवसाचे आणि उरलेल्याचे चार रात्रीचे. दिवस लहानमोठा होतो, तसा प्रहरही होतो. घटका मात्र बदलत नाही. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. जुन्या पद्धतीच्या लग्नात मुहूर्तासाठी हे घटिकापात्र अनेकांनी पाहिलं असेल. अशा 60 घटकांचं अहोरात्र होतं.

प्रहर या शब्दाच्या मुळाशीच 'आघात' आहे. घटका मोजून घड्याळजी टोले देत. बाबरानं आत्मचरित्रात या टोल्यांची अडचण लिहून ठेवली आहे. रात्री जाग आली आणि तीन टोले ऐकू आले, तर घटका तीन हे कळे, पण प्रहर कितवा ते कळत नसे. म्हणून त्यानं हुकूम दिला की घटकांचे टोले झाल्यावर थांबून प्रहराचेही द्यावेत. पहिल्या प्रहराच्या तीन घटका झाल्या, तर तीन टोले आणि मग एक.

आता पुण्याचा हिशोब करून बघू. 21 डिसेंबरला सूर्य सुमारे 7:02 ला उगवतो आणि 6:02 ला मावळतो. दिवस 11 तासांचा, म्हणजे प्रहर पावणेतीन तासांचा. प्रहर दिवस चढतो तो 9:47 ला. 21 जूनला सूर्योदय 5:58 चा, सूर्यास्त 7:13 चा. प्रहर जवळजवळ 3 तास 19 मिनिटांचा, आणि पहिला प्रहर 9:17 लाच संपतो. 'प्रहर दिवस उरला' असं असेल, तर सूर्यास्तापासून मागे यायचं: डिसेंबरात 3:17, जूनमध्ये 3:54. नुसतं 'तीन वाजता' लिहिलं, तर जूनमध्ये जवळपास तासाची चूक होते.

दुपार म्हणजे दोन प्रहर. वरच्या दोन्ही दिवशी ती बाराला नाही, साडेबाराच्या पुढे येते. याचं कारण ऋतू नाही, आपलं घड्याळ आहे. 1 जानेवारी 1906 पासून आलेली भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची. पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून पुण्याची स्थानिक वेळ सुमारे 35 मिनिटं मागे. नागपूर बरंच पूर्वेला असल्यामुळे तिथे हा फरक पाऊण तासाच्या आसपासही जात नाही, सुमारे 14 मिनिटांचाच राहतो. त्यामुळे पेशवाईतल्या पत्रातली वेळ आजच्या घड्याळात मांडताना तारखेबरोबर गावही बघावं लागतं. रात्रीचा प्रहर असेल तर त्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंतचा काळ घेऊन त्याला चाराने भागायचं. डिसेंबरातल्या पुण्यात तो सव्वातीन तासांचा भरतो.