पार्श्वभूमी : पुणे ताशी १५८४ किलोमीटर वेगाने फिरते की १५८८?

पृथ्वीच्या परिवलनामुळे पुणे शहर पूर्वेकडे किती वेगाने सरकते, याची दोन उत्तरे सापडतात. एक ताशी १५८४ किलोमीटर, दुसरे ताशी १५८८. दोन्ही उत्तरांत परीघ तोच धरलेला असतो आणि भागाकारही बरोबर असतो, तरी चार किलोमीटरचा फरक पडतो. घोळ आहे तो ‘दिवस’ या शब्दात. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात तो केव्हाच सोडवलेला होता, म्हणून या प्रश्नाची पार्श्वभूमी तिथूनच सांगितलेली बरी.

आधी परिघाचे पाहू. घरात पृथ्वीगोल असेल तर त्याच्या विषुववृत्तावरून एक दोरा फिरवावा आणि दुसरा दोरा पुण्यावरून, साडेअठरा अंशांच्या अक्षवृत्ताला धरून. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर पहिला दोरा ९४ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, तर दुसरा जवळपास पाच सेंटिमीटरने आखूड. दोन्ही दोरे एकाच दिवसात एक फेरी पूर्ण करतात, म्हणून आखूड दोऱ्यावरचे गाव हळू चालते. विषुववृत्ताच्या परिघाला अक्षांशाच्या कोज्येने गुणले की आपल्या गावाचा परीघ निघतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे जमेस धरून पुण्याचा परीघ सुमारे ३८,०१२ किलोमीटर येतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे त्यात तीन-साडेतीन किलोमीटरची भर पडते, पण वेगात त्याने फारसा फरक पडत नाही.

हीच कृती आपल्या सिद्धान्तग्रंथांत आहे, आणि तिला नावही आहे: स्फुट परिधी. भूपरिधीला आपल्या गावाच्या लंबज्येने, म्हणजे त्रिज्या गुणिले अक्षांशाची कोज्या या राशीने, गुणायचे आणि त्रिज्येने भागायचे. सूत्रातला एक शब्द मला फार आवडतो, ‘स्वकः’, म्हणजे ज्याचा त्याचा, आपापला. व्यास १६०० योजने धरला की तिथल्या रीतीने भूपरिधी ५०५९ योजने येतो. त्रिज्या ३४३८ धरली तर पुण्याची लंबज्या साधारण ३२६० भरते आणि पुण्याचा स्फुट परिधी होतो ४७९७ योजने. दिवसाच्या साठ घटिकांनी भागले तर घटिकेला जवळजवळ ८० योजने मिळतात. योजन किती मोठे यावर पुष्कळ वाद आहेत. पण ५०५९ आणि ४७९७ यांचे गुणोत्तर आजच्या आकड्यांच्या गुणोत्तराशी हजारात एकाहूनही कमी फरकाने जुळते.

खंत एवढीच वाटते की घटिकेचा हा शेवटचा भागाकार, माझ्या वाचनात तरी, कोणी केलेला नाही. स्फुट परिधी लागत असे तो देशांतर संस्कारासाठी. उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून आपले गाव किती योजने पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे त्यावरून ग्रहांची स्थिती दुरुस्त करायची, एवढेच त्याचे काम. पुणे त्या रेषेच्या जवळजवळ दोन अंश पश्चिमेला आहे, म्हणजे इथल्या गणितात ही दुरुस्ती टळत नव्हती. तरीही त्या परिघावर गाव धावते आहे असे मानून वेग काढायचा प्रश्न आला नाही, कारण परिधी काढणारे बहुतेक जण पृथ्वी स्थिर मानत होते.

पृथ्वी फिरते असे मानणाराही होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस, अवघ्या तेविसाव्या वर्षी, एका गणितज्ञाने लिहिले: ‘प्राणेनैति कलां भूः’. एका प्राणात, म्हणजे एका श्वासाइतक्या वेळात, पृथ्वी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, फिरते. दिवसाचे प्राण २१,६०० आणि वर्तुळाच्या कलाही २१,६००. हा प्राण आजच्या चार सेकंदांना किंचित कमी भरतो. पुण्याच्या परिघावर एक कला म्हणजे १.७६ किलोमीटर. आपण एक संथ श्वास घेऊन सोडतो तेवढ्यात शनिवारवाडा पूर्वेकडे पावणेदोन किलोमीटर गेलेला असतो, म्हणजे साधारण त्याच्यापासून रास्ता पेठ आहे तेवढा.

या ओळीचे पुढे जे झाले ते जरा सविस्तर सांगावे लागेल. काही टीकाकारांनी ‘भूः’च्या जागी ‘भं’ असा पाठ घेतला. ‘भं’ म्हणजे नक्षत्रमंडळ. एका अक्षराच्या बदलाने पृथ्वी थांबली आणि आकाश फिरू लागले. अंकगणित तसूभरही बदलले नाही, म्हणून हा पाठ खपूनही गेला. दोन्हींतला खरा पाठ कोणता, यावर ‘दोन्ही शक्य आहेत’ असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही. ६२८ साली याच मताचे खंडन करणाऱ्या ग्रंथात ही ओळ उद्धृत केलेली आहे, आणि तिथे ती ‘भूः’ अशीच आहे. पृथ्वी जर प्राणाला एक कला जाते, तर ती कुठून कुठे जाते आणि कोणत्या वाटेने, असा तिथे सवाल आहे. मूळ ओळीत पृथ्वी नसती तर विरोधकाने हा सवाल केलाच नसता. पुढे नवव्या शतकात त्याच विरोधकाच्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्याने मात्र पृथ्वीच फिरते ही बाजू घेतली.

आक्षेप घेणारे अडाणी नव्हते. त्यांचा आक्षेप नेमका रेषीय वेगावर होता. पृथ्वी एवढ्या वेगाने पूर्वेला पळत असेल तर घरट्यातून उडालेला पक्षी घरट्यात परत येईल कसा, आणि आकाशात सरळ सोडलेला बाण वरुणाच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला, का पडत नाही, असे आठव्या शतकातल्या एका ग्रंथकाराने विचारले. पक्ष्याचे उत्तर सोपे आहे. पक्षी, घरटे आणि भोवतालची हवा या सगळ्यांना तोच वेग आधीपासून मिळालेला असतो. बाणाचे उत्तर मात्र विलक्षण आहे, कारण बाण खरोखरच पश्चिमेला पडतो.

शंभर मीटर उंच मनोरा पुण्यात उभा आहे असे धरू. त्याचा माथा पायथ्यापेक्षा किंचित मोठ्या परिघावर फिरतो, म्हणून सेकंदाला सुमारे सात मिलिमीटर जास्त वेगाने पूर्वेला जातो. माथ्यावरून गोटी सोडली तर ती हा जादा वेग घेऊनच खाली येते. पडायला साडेचार सेकंद लागतात. साध्या गुणाकाराने ती पायथ्याच्या तीन सेंटिमीटर पूर्वेला पडायला हवी. प्रत्यक्षात पडताना ‘खाली’ ही दिशासुद्धा थोडी वळत असते, त्यामुळे त्यातला एक तृतीयांश भाग कमी होऊन दोन सेंटिमीटर उरतात. बाणाचे उलटे आहे. तो पायथ्याचा कमी वेग घेऊन वर चढतो, मागे पडत जातो, आणि शंभर मीटर उंची गाठून परतला की सुमारे आठ सेंटिमीटर पश्चिमेला उतरतो. आक्षेपात दिशा बरोबर होती, फक्त तो किती पडेल याचा अंदाज फार मोठा होता. शंभर मीटरांत आठ सेंटिमीटर म्हणजे वाऱ्याच्या एका झुळुकीने पुसले जाईल इतके थोडे.

म्हणूनच हे मोजायला हजार वर्षे लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात मनोऱ्यांवरून गोळ्या टाकून पाहिल्या गेल्या. तिथे अडचण अशी की गोळी सोडताना जराशी हिसकली तरी निकाल बिघडतो, आणि मनोऱ्यातून वाहणारी हवा उरलेले काम करते. प्रत्येक गोळी वेगळ्या जागी पडते. एका गोळीवरून काहीच कळत नाही, पुष्कळ टाकून सरासरी काढावी लागते. सर्वांत विश्वासार्ह आकडा १८३१ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणीत मिळाला. १५८ मीटर खोल, वारा नसलेल्या विहिरीत गोळ्या सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेला पडल्या. गणितही जवळपास तेवढेच सांगते.

आता पुन्हा १५८४ आणि १५८८. पुण्यात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री गच्चीवर एक जागा ठरवावी आणि भिंतीला डोके टेकून पाहावे, एखादा ठळक तारा समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड किती वाजता जातो. आज नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला तर उद्या तो नऊ वाजून सहा मिनिटांनी जाईल. दहा दिवसांत हा फरक ३९ मिनिटांचा होतो. पृथ्वीची स्वतःभोवतीची एक पूर्ण फेरी म्हणजे हा ताऱ्याचा, नाक्षत्र दिवस: २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद. घड्याळाचे २४ तास सूर्याचे आहेत. मधल्या काळात पृथ्वी सूर्याभोवती जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला तेवढे अधिक फिरावे लागते. २४ तासांत पुणे आपला ३८,०१२ किलोमीटरचा फेरा संपवून वर आणखी १०४ किलोमीटर जाते, इथून भिगवण सरळ रेषेत आहे त्याच्याही थोडे पुढे. परिघाला नुसते २४ ने भागले की हे १०४ किलोमीटर गळतात. म्हणून १५८८ बरोबर, म्हणजे सेकंदाला ४४१ मीटर. विषुववृत्ताचा १६७० हा आकडा अनेक ठिकाणी छापलेला दिसतो, तोही याच कारणाने १६७४ हवा.

सिद्धान्तांत नाक्षत्र आणि सावन, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा, असे दोन दिवस मुळातच वेगळे होते. त्या तेविशीतल्या गणितज्ञाने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगातली पृथ्वीची आवर्तने १,५८,२२,३७,५०० दिली आणि सावन दिवस १,५७,७९,१७,५००. भागाकार केला तर नाक्षत्र दिवस आजच्या मूल्याशी सेकंदाच्या अंशापर्यंत जुळतो. शाळेत परिवलनाचा काळ सरसकट २४ तास सांगितला जातो तेव्हा आपण त्याच्याही मागे जातो, असे मला मनापासून वाटते.

चार किलोमीटरचा हा फरक जिथे सोडून चालत नाही असे एक क्षेत्र म्हणजे अग्निबाणाचे उड्डाण. श्रीहरिकोटा पुण्यापेक्षा दक्षिणेला आहे, म्हणून तिथली जमीन सेकंदाला ४५२ मीटरने पूर्वेला जाते आणि पूर्वेकडे सोडलेल्या यानाला तेवढा वेग आयता मिळतो. केरळातले थुंबा विषुववृत्ताच्या आणखी जवळ आहे, पण १९६३ साली भारतातल्या अग्निबाण उड्डाणांची तिथून सुरुवात झाली ती वेगासाठी नव्हे. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे चुंबकसुई अगदी आडवी राहते ती रेषा, तिथून जवळून जाते, हे त्याचे कारण. आणि हा आयता वेग नेहमी उपयोगी पडतोच असे नाही. पृथ्वीची पाहणी करणारे बरेच उपग्रह ध्रुवांवरून आणि किंचित पश्चिमेकडे झुकलेल्या कक्षेत फिरतात. त्यांना सोडताना हा पूर्वेचा वेग आधी खोडून काढावा लागतो आणि त्यासाठी इंधन खर्ची पडते. इस्रायल तर शेजारी देशांवरून यान न्यायचे टाळण्यासाठी पश्चिमेकडे, भूमध्य समुद्रावरून उड्डाण करतो. तिथे जमिनीचा वेग सेकंदाला सुमारे ३९५ मीटर आहे, आणि तो सगळा उलटा पडतो.