बीजाणू-रंजन : मॅलेकाइट ग्रीन, सॅफ्रानिन आणि वाफ

काही जीवाणूंच्या पेशीत तयार होणारा अंतर्बीजाणू एका रंगात आणि उरलेली पेशी दुसऱ्या रंगात दाखवणाऱ्या पद्धतीला बीजाणू-रंजन म्हणतात. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा शब्द मात्र ‘स्पोअर स्टेनिंग’ हाच. मॅलेकाइट ग्रीन आणि सॅफ्रानिन वापरणारी आजची प्रचलित रीत ॲलिशिया शेफर आणि मॅकडोनाल्ड फुल्टन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत हीच रीत शिकवतात. तिच्यातली बाकीची कृती कोणत्याही साध्या रंजनासारखी आहे. वेगळी आहे ती फक्त वाफ, आणि ही पद्धत समजली की नाही हे त्या वाफेचे कारण सांगता येते का, यावरून कळते.

बॅसिलस जातीच्या जुन्या वाढीचे ग्रॅम रंजन केले तर जांभळ्या दांड्यांच्या पोटात लंबगोल पांढऱ्या जागा दिसतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, स्मिअर बिघडला किंवा पेशी फुटल्या. खरे तर ती मोकळी दिसणारी जागा हाच स्पोअर असतो. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन हे सगळे त्याच्या अंगावरून वाहून गेले, पण आत काहीच शिरले नाही. स्पोअर रंगवायचा म्हणजे हा अडसर पार करायचा.

अडसर एकपदरी नाही. सर्वांत बाहेर एकमेकांशी घट्ट जोडलेल्या प्रथिनांचे थरावर थर असलेले कवच असते. काही जातींत त्याच्याही बाहेर एक सैल पिशवी असते. कवचाच्या आत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर आणि त्याच्या आत एक पटल असते. हे आतले पटल इतके घट्ट असते की लहान रेणूही त्यातून फार सावकाश जातात. गाभ्यात पाणी कमी असते आणि डायपिकोलिनिक आम्लाचा कॅल्शियम क्षार भरपूर असतो. स्पोअर उष्णता, कोरडेपणा आणि जंतुनाशके सोसतो तो या सगळ्या रचनेमुळे, आणि रंगाला दाद देत नाही तोही याच रचनेमुळे.

वाफ नेमके काय करते

मॅलेकाइट ग्रीन हा धनभारित, पाण्यात विरघळणारा रंग आहे. (नावात मॅलेकाइट असले तरी त्या तांब्याच्या खनिजाशी त्याचा संबंध फक्त हिरवेपणापुरता आहे.) थंड रंग नुसता ओतून ठेवला तर साधी पेशी लगेच हिरवी होते, पण स्पोअर नेहमीच्या पाच-दहा मिनिटांत जवळजवळ कोराच राहतो. स्लाइडखालून वाफ दिली की कवच रंगाला वाट देऊ लागते आणि तापलेल्या द्रावणातले रंगाचे रेणूही अधिक वेगाने आत सरकतात. पाच मिनिटांत स्पोअर हिरवा होतो. मग स्लाइड थंड झाली की कवच पुन्हा पूर्वीसारखे बंदिस्त होते आणि आत गेलेला रंग आतच अडकतो.

पद्धतीची खरी चतुराई इथून पुढे आहे. साध्या पेशीवर मॅलेकाइट ग्रीनची पकड सैल असते, त्यामुळे ती पेशी नुसत्या पाण्याने धुतली तरी रंग सोडते. स्पोअरमधला रंग थंड पाण्याला बाहेर काढता येत नाही. म्हणजे या रंजनात रंग उतरवण्याचे काम नळाचे पाणीच करते, आम्ल किंवा अल्कोहोल लागत नाही. शेवटी सॅफ्रानिन येते. तेही धनभारितच आहे, पण ते थंडच वापरतात. म्हणून ते रिकाम्या झालेल्या पेशीला गुलाबी-लाल करते आणि स्पोअरच्या दारातून परत फिरते. वाफ पहिल्या रंगाला मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, एवढ्या एका फरकावर दोन रंगांचे चित्र उभे राहते.

क्षयाच्या थुंकी-तपासणीतील झील-नील्सन रंजन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. तिथेही कार्बोल फुक्सिन वाफ येईपर्यंत तापवतात. पण तिथे रंग अडवणारा थर मेणासारख्या मेदाचा असतो आणि पुढे आम्ल लावून रंग उतरवावा लागतो. दोन्हीकडे उष्णता लागते म्हणून दोन्हींची कारणे एकच समजू नयेत.

उष्णतेचीच गरज आहे, वाफेची नव्हे, हे १९५० मध्ये बार्थोलोम्यू आणि मिटवर यांनी मांडलेल्या ‘थंड’ पद्धतीवरून स्पष्ट होते. तिच्यात स्मिअर ज्योतीवरून सुमारे वीस वेळा फिरवून कडक तापवतात आणि मग मॅलेकाइट ग्रीनचे संपृक्त द्रावण न तापवता दहा मिनिटे ठेवतात. उष्णता इथेही आहेच. फक्त ती रंग घालण्याच्या आधी दिली जाते. मग नेहमीच्या पद्धतीत वाफच का? कारण उकळत्या पाण्याची वाफ स्लाइडला शंभर अंशांच्या वर जाऊ देत नाही आणि रंगही चटकन सुकू देत नाही. बर्नरच्या ज्योतीला असा लगाम नसतो.

एक उदाहरण : रात्रीचा भात

मुंबईच्या दमट उकाड्यात ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस सापडणे नवलाचे नाही. तांदळाबरोबर आलेले त्याचे स्पोअर भात शिजतानाच्या उकळीतून वाचतात आणि भात कोमट झाला की रुजून वाढू लागतात. अशा भाताचे १० ग्रॅम ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये कालवायचे आणि त्यातला थोडा भाग ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे ठेवायचा. साध्या पेशी मरतात, स्पोअर उरतात. तापवलेला तो भाग न्यूट्रिएंट अगारवर पसरून ३० ते ३७ अंशांना ठेवला की दुसऱ्या दिवशी मोठ्या, निस्तेज, करड्या-पांढऱ्या वसाहती दिसतात.

इथे पहिली चूक होते ती घाईची. त्याच दिवशी वसाहत उचलून रंजन केले तर बहुतेक पेशी अजून वाढण्यात गुंतलेल्या असतात. पोषकद्रव्य संपत आले की मगच स्पोअर बनतात. म्हणून स्लँटवर घेतलेली वाढ दोन ते तीन दिवस ठेवावी. माध्यमात मँगनीज सल्फेटचा अंश घातला तर स्पोअर अधिक बनतात. उलट आठवडाभर ठेवलेल्या वाढीत मूळ पेशी विरून सुटे हिरवे स्पोअरच उरतात, आणि स्पोअर पेशीत कुठे होता हे पाहायची सोय राहत नाही.

स्वच्छ स्लाइडवर पाण्याच्या थेंबात वाढीचा अगदी थोडा अंश पातळ पसरायचा आणि हवेवर वाळू द्यायचा. जुलैत मुंबईत हे वाळणे संपता संपत नाही, आणि ओला स्मिअरच ज्योतीवर धरायचा मोह होतो. तसे केले तर पाणी स्लाइडवरच खदखदते, पेशी आक्रसतात आणि आकार बिघडतो. पंख्याखाली थांबलेले बरे. वाळल्यावर दोन-तीनदा ज्योतीवरून फिरवून स्मिअर पक्का करायचा.

तिवईवर जाळी, जाळीवर निम्मे पाणी भरलेला बीकर आणि पाण्याला उकळी. बीकरच्या तोंडावर स्लाइड आडवी ठेवायची, स्मिअरवर त्याच्याच मापाचा फिल्टर पेपरचा तुकडा ठेवायचा आणि तो ५ टक्के मॅलेकाइट ग्रीनने पूर्ण भिजवायचा. कागदाचे काम दोन प्रकारचे आहे : तो रंग धरून ठेवतो आणि रंगाचे खडे स्मिअरवर बसू देत नाही. वेळ मोजायची ती रंगाच्या पृष्ठावरून वाफेची बारीक रेघ उठू लागल्यापासून. पाच मिनिटांत कागदाच्या कडा फिक्या पडू लागतात. तिकडे लक्ष ठेवून ड्रॉपरने थेंब थेंब रंग घालत राहायचे. द्रावण उकळू द्यायचे नाही आणि कागद कोरडाही पडू द्यायचा नाही.

मग चिमट्याने स्लाइड उतरवून पूर्ण गार होऊ द्यायची. गरम काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकते, आणि स्पोअरमधला रंग बंदिस्त व्हायलाही हीच वेळ लागते. कागद काढून नळाच्या बारीक धारेखाली, ओघळ बिनरंगाचे होईपर्यंत, अर्धा ते एक मिनिट धुवायचे. त्यानंतर ०.५ टक्के सॅफ्रानिन एक मिनिट, पुन्हा पाणी, ब्लॉटिंग पेपरने टिपणे आणि ऑइल इमर्शनखाली निरीक्षण.

भातातल्या या जीवाणूत गुलाबी जाड दांड्या साखळीने दिसतात आणि त्यांच्या मध्यावर किंवा किंचित बाजूला हिरवा लंबगोल स्पोअर असतो. स्पोअरमुळे दांडी फुगलेली नसते. आजूबाजूला काही सुटे हिरवे स्पोअरही पडलेले असतात. धनुर्वाताच्या जीवाणूत हाच स्पोअर गोल, अगदी टोकाला आणि दांडीपेक्षा रुंद असतो, म्हणून पेशी ढोल वाजवायच्या टिपरूसारखी दिसते. या स्पोअरची एक दुःखद आठवण मुंबईशी जोडलेली आहे. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, बनलेली प्लेगची लस १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दिली गेली आणि एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ही लस तयार करणारे शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांच्यावर त्याचा ठपका आला, पण तो दोष पुढे दूर झाला.

चुकलेली स्लाइड ओळखणे

सगळेच गुलाबी दिसले आणि दांड्यांच्या पोटात पांढऱ्या मोकळ्या जागा असतील, तर स्पोअर आहेत पण वाफ कमी पडली. पोकळ्याही नसतील, तर बहुधा वाढच कोवळी आहे. हा फरक ओळखला नाही तर माणूस वाफेची वेळ वाढवत बसतो आणि दोष कल्चरच्या वयात असतो. सगळेच हिरवे दिसले तर धुणे अपुरे झाले किंवा स्मिअर जाड होता. हिरवे, वेड्यावाकड्या कडांचे आणि वेगवेगळ्या मापांचे ठिपके म्हणजे सुकलेल्या रंगाचे खडे. स्पोअर एका मापाचे आणि गुळगुळीत कडेचे असतात. शंका उरू नये म्हणून त्याच स्लँटची दुसरी स्लाइड वाफ न देता रंगवून शेजारी ठेवावी. ती पाहिली की वाफेने काय केले ते डोळ्यांना दिसते.

या रंजनाने स्पोअर आहे का आणि तो पेशीत कुठे आहे एवढेच कळते. तो जिवंत आहे की मेलेला, हे कळत नाही. जातही ठरत नाही : बॅसिलस सेरियस आणि काळपुळीचा बॅसिलस ॲन्थ्रॅसिस यांचे चित्र या बाबतीत सारखेच दिसते.

एक गोष्ट मात्र हाताळणाऱ्याने धरून चालावी. बीकरवरच्या पाच मिनिटांच्या वाफेने रंग आत जातो, पण स्पोअर मेला असे समजू नये. वापरलेल्या स्लाइड आणि स्लँट ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत किमान १५ मिनिटे ठेवूनच टाकतात.